मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये वजनाचे उद्दिष्ट आणि पाठपुराव्याचे निर्देशक: इंदूरमधील एक प्रकरण

लोकमान्य नगर भागात राहणाऱ्या, एका शाळेत शिकवणाऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाई जून महिन्याच्या सुरुवातीला त्यांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आहारसल्ल्यासाठी आल्या. त्यांच्या फाइलमध्ये मागच्या दोन वर्षांतल्या तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या सूचना होत्या आणि तिन्हींचा आशय एकच होता: वजन कमी करा, तेल-गोड टाळा, सहा महिन्यांनी या. एका कागदावर ‘योग्य वजन ५५ किलो’ असेही लिहिलेले होते. उंची १५४ सेंटिमीटर आणि वजन ७४ किलो असल्यामुळे त्या कागदाचा अर्थ असा होत होता की त्यांनी एकोणीस किलो, म्हणजे शरीराच्या वजनाचा चौथा हिस्सा कमी करावा. हे कशाने, किती काळात आणि मधल्या काळात काय पाहून ठरवायचे, याबद्दल कोणत्याही कागदावर एक ओळ नव्हती.

मेटाबॉलिक सिंड्रोमचे निदान पाच निकषांपैकी तीन पूर्ण झाले की केले जाते. दक्षिण आशियाई स्त्रियांमध्ये कंबरेचा घेर ८० सेंटिमीटर किंवा अधिक, रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी १५० किंवा अधिक, एचडीएल हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक आणि उपाशीपोटीची साखर १०० किंवा अधिक, असे हे निकष आहेत. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आकडा कितीही आला तरी तो निकष पूर्ण झाला असेच धरतात. या बाईंमध्ये पाचही निकष पूर्ण होते. घेर ९६ होता, ट्रायग्लिसराइड २१८, एचडीएल ४२ आणि उपाशीपोटीची साखर ११४ होती, तर टेल्मिसार्टनची ४० मिलिग्रॅमची गोळी चालू असतानाही घरच्या रक्तदाबाची सरासरी १३६/८६ होती. यकृताचे एएलटी हे विकर ५२ पर्यंत वाढलेले होते आणि सोनोग्राफीत चरबीयुक्त यकृत दिसले होते. थायरॉइडची तपासणी सामान्य होती. हिमोग्लोबिन मात्र ९.६ होते. पाळीतला रक्तस्राव वाढल्यामुळे लोहाची कमतरता झाली होती आणि हीच गोष्ट पुढे पाठपुराव्यात फार महत्त्वाची ठरली.

सुरुवातीचा आकडा आधी पक्का करणे

उद्दिष्ट ठरवण्याआधी आम्ही दोन आठवडे फक्त मोजमाप केले, कारण सुरुवातीचा आकडा चुकला तर पुढची सगळी तुलना चुकते. याचे उदाहरण त्यांच्याच फाइलमध्ये होते. आदल्या वर्षीच्या एका आरोग्य शिबिरात त्यांच्या कंबरेचा घेर ८८ नोंदला होता. विचारल्यावर कळले की तो साडीवरून, परकराची नाडी जिथे बांधली होती तिथेच मोजला होता. नाडीमुळे पोटाचा भाग दाबला जातो, आणि नाडीची रेघ कंबरेच्या नेमक्या जागी असतेच असे नाही. आम्ही नाडी सैल करून, शेवटच्या बरगडीची खालची कडा आणि कमरेच्या हाडाची वरची कडा यांच्या बरोबर मध्ये, सहज श्वास सोडल्यानंतर, टेप जमिनीला समांतर ठेवून दोनदा मोजले तेव्हा ९६ आले. शिबिरातला ८८ हा आकडा सुरुवातीचा मानला असता, तर सहा महिन्यांत पाच सेंटिमीटर घेर कमी होऊनही तो वाढला असा निष्कर्ष निघाला असता. म्हणून पुढची सगळी मोजमापे त्याच जागी आणि शक्यतो त्याच व्यक्तीने घ्यायची असे ठरले. नीट मोजले तरी दोन वेळच्या मापात सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे दोन सेंटिमीटरपेक्षा कमी बदलाला बदल मानायचे नाही, हेही तेव्हाच लिहून ठेवले.

वजनाचेही तसेच आहे. सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी, शौचानंतर आणि चहापूर्वी, त्याच गाऊनमध्ये, त्याच फरशीवर ठेवलेल्या काट्यावर वजन करून वहीत लिहायला सांगितले. पहिल्या दोन आठवड्यांत खाण्यापिण्यात काहीही बदल केलेला नसताना आकडे ७३.३ पासून ७४.८ पर्यंत फिरले. हा दीड किलोचा फरक चरबीचा नसतो. पाणी, मीठ, आतड्यातला मळ आणि पाळीच्या आधी शरीरात साठणारे पाणी यांमुळे तो पडतो. एका सकाळच्या आकड्यावर आनंद किंवा दुःख करू नये, आठवड्याची सरासरी पाहावी, हे सांगणे सोपे आहे. पण रुग्णाने स्वतःच्या वहीत हे चढउतार पाहिल्याशिवाय ते पटत नाही. सुरुवातीचे वजन म्हणून दोन आठवड्यांची सरासरी, ७४.०, घेतली.

वजनाचे उद्दिष्ट कसे ठरले

५५ किलोचा आकडा आम्ही बाजूला ठेवला. मेटाबॉलिक सिंड्रोममध्ये वजन कमी करण्याचा हेतू तक्त्यातल्या आदर्श वजनाला पोहोचणे हा नसून पोटातील, यकृतातील आणि स्नायूंतील साठलेली चरबी घटवून इन्सुलिनचे काम सुधारणे हा आहे, आणि त्यासाठी ५ ते १० टक्के घटही पुरेशी परिणामकारक असते. अमेरिकेतल्या मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, सात टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटे चालणे एवढेच उद्दिष्ट होते. त्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले.

त्यानुसार चोवीस आठवड्यांत सात टक्के, म्हणजे ५.२ किलो घट, हे मुख्य उद्दिष्ट ठरले आणि बाराव्या आठवड्याचा टप्पा ७१ किलोचा ठेवला. पाच टक्क्यांची रेषा, म्हणजे ७०.३ किलो, ही ‘किमान पुरेशी घट’ म्हणून वेगळी नोंदली. अशा दोन रेषा ठेवण्याचा फायदा असा की चोवीस आठवड्यांनी निकाल केवळ यश किंवा अपयश असा निघत नाही. सात टक्के झाले तर टिकवण्याच्या टप्प्यात जायचे. पाच ते सातच्या मध्ये असेल तर रक्ताचे अहवाल पाहून ठरवायचे. पाचच्या आत असेल तर औषधोपचाराचा विचार डॉक्टरांकडे पाठवायचा, असे निर्णय आधीच लिहिलेले होते. माझ्या मते हा भाग बहुतेक आराखड्यांत राहून जातो. आकडा ठरवतात, पण तो न आल्यास काय करायचे ते ठरवत नाहीत, आणि मग रुग्णच स्वतःला दोष देऊन येणे बंद करतो.

घेराचे उद्दिष्ट चोवीस आठवड्यांत ९१ ठेवले. साधारणपणे एक किलो वजनाला एक सेंटिमीटर घेर कमी होतो, हा व्यवहारात उपयोगी पडणारा अंदाज त्यामागे होता. ८० पर्यंत घेर आणण्याचा उल्लेखही केला नाही, कारण ८० ही निदानाची रेषा आहे, सहा महिन्यांचे ध्येय नव्हे.

घरात मोजता येणाऱ्या गोष्टी

वजन हा परिणाम आहे. त्यावर रुग्णाचा थेट ताबा नसतो. ताबा असतो तो खाण्यावर आणि हालचालीवर, म्हणून दर आठवड्याचे उद्दिष्ट तिथेच असायला हवे. ‘तेल कमी खा’ या सूचनेला काही अर्थ यावा म्हणून आम्ही प्रत्येक भाजीतले चमचे मोजले नाहीत. चार माणसांच्या घरात सोयाबीन तेलाचा पाच लिटरचा डबा किती दिवस पुरतो, एवढेच विचारले. उत्तर साधारण छत्तीस दिवस आले, म्हणजे माणशी रोज सुमारे ३५ मिलिलिटर. डबा साठ दिवस पुरवायचा असे ठरले की माणशी तेल २१ मिलिलिटरवर येते आणि एका माणसाच्या रोजच्या सुमारे ११५ कॅलरी कमी होतात. डबा उघडला त्या दिवशी मार्करने त्याच्यावर तारीख लिहायची, बाकी काही नोंद ठेवायची नाही. यात सासूबाईंनाही सहभागी होता आले, कारण फोडणी बहुधा त्याच देत.

इंदूरच्या घरात शेव हा स्वतंत्र विषय आहे. सकाळच्या पोह्यांवर शेव आणि जिरावन, दुपारी वरणभातावर शेव, संध्याकाळी चहाबरोबर शेव, अशी ती दिवसभर ताटात असते आणि जेवणात तिची गणती कोणी करत नाही. बाईंचे म्हणणे होते, “मॅडम, मी तर दोनच पोळ्या खाते.” ते खरेच होते. पण घरात आठवड्याला एक किलो शेव येत होती आणि तिचा मोठा वाटा त्यांच्याकडे जात होता. शेवेच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण ५५० कॅलरी असतात आणि मीठही भरपूर असते. उद्दिष्ट असे ठरले की घरात आठवड्याला पाव किलोच शेव आणायची आणि ती फक्त पोह्यांवर घ्यायची. चहातली साखर आठ चमच्यांवरून दोन चमच्यांवर आली. दोन्ही जेवणांत एक वाटी घट्ट वरण, मूग किंवा मटकीची उसळ आणि एक वाटी दही हवे, एवढीच प्रथिनांची अट घातली.

चालण्याचा सुरुवातीचा आकडा शाळेतले फिरणे धरून रोज ४,१०० पावलांचा होता. सहाव्या आठवड्यापर्यंत ६,००० आणि बाराव्यापर्यंत ७,५०० ही पायरी ठेवली. शिवाय आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला रेटून करायचे व्यायाम दिले. तीस सेकंदांत हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येते हा आकडा, सुरुवातीला ११, दर सहा आठवड्यांनी पाहायचा होता. वजन कमी होत असताना हा आकडा घसरू लागला, तर चरबीबरोबर स्नायूही जात आहेत, असा संशय घ्यायचा.

प्रत्येक अहवालाची वेळ वेगळी

रक्ताच्या तपासण्या कधी करायच्या हे ठरवताना, त्या गोष्टीत बदल दिसायला किती काळ लागतो, हे पाहावे लागते. साखर, मैदा आणि एकूण खाणे कमी झाले की ट्रायग्लिसराइड काही आठवड्यांतच खाली येते. रक्तदाबही लवकर उतरतो. एचडीएलचे वागणे मात्र उलटे आहे: वजन सक्रियपणे घटत असताना ते बरेचदा थोडे कमी होते आणि वजन स्थिरावल्यावर मग वाढते. म्हणून बाराव्या आठवड्याच्या नोंदीसमोर आम्ही आधीच लिहून ठेवले होते की एचडीएल घटले तरी त्यावरून कोणताही निर्णय घ्यायचा नाही.

सगळ्यात काळजी मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणाऱ्या एचबीए१सीची घ्यावी लागली. सुरुवातीला ते ६.४ होते. लोहाच्या कमतरतेच्या रक्तक्षयात लाल पेशी जास्त काळ फिरत राहिल्यामुळे हा आकडा खऱ्या साखरेपेक्षा वर दिसू शकतो, आणि लोहाच्या गोळ्या सुरू करून नव्या पेशी तयार होऊ लागल्या की साखरेत काहीही सुधारणा नसतानाही तो खाली येतो. डॉक्टरांनी लोह सुरू केले होते. म्हणजे तीन महिन्यांनी एचबीए१सी घटले असते तर त्याचे श्रेय आहाराला द्यायचे की लोहाला, हे सांगता आले नसते. म्हणून डॉक्टरांशी बोलून या रुग्णासाठी उपाशीपोटीची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांची साखर हे दोन निर्देशक निवडले. दोन तासांची सुरुवातीची साखर १६८ होती.

चोवीस आठवड्यांत काय झाले

पहिल्या बारा आठवड्यांत वजनाची साप्ताहिक सरासरी ७१.२ वर आली. पहिला डबा पंचावन्न दिवस पुरला. पावले ७,००० च्या आसपास पोहोचली. ट्रायग्लिसराइड १५६ झाले, एएलटी ३८ वर आले, हिमोग्लोबिन ११.८ झाले. एचडीएल ४२ वरून ३९ झाले आणि बाई अहवाल घेऊन काळजीत पडल्या. वहीतली आधीची ओळ दाखवल्यावर शांत झाल्या. त्यांनी स्वतःहून एचबीए१सीही करून घेतले होते. ते ६.० आले होते, पण उपाशीपोटीची साखर ११४ वरून १०८ एवढीच उतरली होती. या दोन आकड्यांतली तफावत लोहामुळे आहे, असेच आम्ही धरले आणि सुधारणा उपाशीपोटीच्या साखरेएवढीच मोजली.

चौदाव्या आठवड्यात त्यांना सकाळी उठताना अंधारी येऊ लागली. घरचा रक्तदाब उभे राहून १०६/६८ आला. शेवेबरोबर मीठही कमी झाले होते आणि वजनही उतरले होते, त्यामुळे जुना डोस आता जास्त होत होता. त्यांनी गोळी मनाने बंद केली नाही, डॉक्टरांना फोन केला आणि डोस २० मिलिग्रॅमवर आला. यानंतर प्रत्येक रक्तदाबाच्या नोंदीपुढे गोळीचा डोस लिहिणे आम्ही सक्तीचे केले. डोस अर्ध्यावर आल्यावर तोच रक्तदाब टिकला तर ती मोठी सुधारणा असते, आणि डोस लिहिलेला नसेल तर ती कागदावर दिसतच नाही.

मग गणपती आले. विसर्जनानंतरच्या आठवड्यात सरासरी ७१.९ झाली. मोदक, मिठाचे फराळी पदार्थ आणि चुकलेली झोप यांमुळे साठलेले ते पाणी होते. पंधरा दिवसांत सरासरी पुन्हा ७१.० वर आली. पण पुढे ती तिथेच अडकली. आमचा नियम असा होता की चार आठवड्यांत सरासरी किमान अर्धा किलो उतरली नाही तर आधी घरातल्या नोंदी पाहायच्या. नोंदी ठरल्याप्रमाणे असतील तरच खाणे आणखी कमी करायचे, नाहीतर मूळ ठरावच पुन्हा पाळायचा. अठराव्या आठवड्यात पाहिले तर तेलाचा तिसरा डबा वीस दिवसांत निम्म्याहून अधिक रिकामा झालेला होता. नवरात्रातल्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे आणि पाहुण्यांची वर्दळ हे त्याचे कारण होते. पावसामुळे संध्याकाळचे चालणेही सुटून पावले ५,२०० वर आली होती. शरीराने वजन ‘धरून ठेवले’ अशी रुग्णाची समजूत झाली होती; वजन घटल्यावर शरीराचा खर्च थोडा कमी होतो हे खरे आहे, पण इथे त्याच्याकडे बोट दाखवण्याची गरजच नव्हती. पोळ्या कमी केल्या नाहीत. उपवासाला खिचडीऐवजी भगर आणि दाण्याची पातळ आमटी ठरली, आणि चालणे मधल्या सुट्टीत शाळेच्या लांब व्हरांड्यात हलवले.

चोविसाव्या आठवड्यात, दिवाळीनंतर, वजनाची सरासरी ६९.६ होती. घट ४.४ किलो, म्हणजे सहा टक्क्यांच्या थोडी आत. सात टक्के झाले नाहीत, पाच ओलांडले. घेर ९१ वर आला. २० मिलिग्रॅमच्या गोळीवर रक्तदाब १२२/७८, ट्रायग्लिसराइड १४८, एचडीएल ४४, एएलटी ३४, उपाशीपोटीची साखर १०३ आणि दोन तासांची १३८ झाली. तीस सेकंदांत त्या पंधरा वेळा उठू शकत होत्या.

आता हाच अहवाल निदानाच्या निकषांवर ठेवला तर काय दिसते? घेर ८० च्या वर आहे, एचडीएल ५० च्या खाली आहे, साखर १०० च्या वर आहे आणि गोळी चालू असल्यामुळे रक्तदाबाचा निकषही पूर्ण आहे. पाचपैकी चार निकष अजून कायम आहेत. सुटलेला एकमेव निकष ट्रायग्लिसराइडचा, आणि तोही दोन अंकांनी. ट्रायग्लिसराइड हे एकाच माणसात दिवसागणिक वीस टक्क्यांपर्यंत सहज बदलते, त्यामुळे उद्या ते १६० आले तर ‘पुन्हा पाच’ असे म्हणावे लागेल. ज्या स्त्रीचा रक्तदाब निम्म्या डोसवर आला, दोन तासांची साखर १४० च्या आत म्हणजे सामान्य झाली आणि यकृत सुधारले, तिच्या अहवालावर निकषांच्या मोजणीत जवळजवळ काहीच झाले नाही असे दिसते. निकषांची संख्या हे निदानाचे साधन आहे. पाठपुराव्यात प्रत्येक आकड्याची दिशा आणि किती बदल झाला हेच पाहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

वजनाच्या आकड्याबाबतही असेच भान ठेवावे लागते. चेन्नईला झालेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासात, जो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला, जीवनशैली बदललेल्या गटाचे वजन विशेष उतरले नव्हते, तरीही तीन वर्षांत मधुमेह होणाऱ्यांचे प्रमाण तुलनेसाठीच्या गटात ५५ टक्के असताना या गटात ते सुमारे ३९ टक्केच होते. म्हणून पुढच्या टप्प्यात वजन जागीच राहिले तरी पावले आणि तेलाच्या डब्याची नोंद थांबवायची नाही, हे बाईंना स्पष्ट सांगितले.

पाच ते सातच्या मधल्या निकालासाठी आधी लिहिलेला निर्णय अमलात आणला. रक्ताचे अहवाल योग्य दिशेने असल्यामुळे डॉक्टरांनी नवे औषध दिले नाही. पुढच्या सहा महिन्यांचे वजनाचे उद्दिष्ट ७० च्या आत राहणे एवढेच ठेवले. आणखी दोन किलो घट झाली तर चांगलेच, पण ती अट नाही. साप्ताहिक सरासरी सलग दोन आठवडे ७१.५ च्या वर गेली तर पुढच्या भेटीची वाट न पाहता वही घेऊन यायचे आहे. हिमोग्लोबिन आता १२.४ आहे आणि लोहाच्या गोळ्या पूर्ण होऊन तीन महिने झाले की एचबीए१सी पुन्हा करायचे आहे. तो आकडा या रुग्णाचा पहिला विश्वासार्ह एचबीए१सी म्हणून नोंदला जाईल आणि आधीच्या ६.४ शी त्याची तुलना केली जाणार नाही.